साडीचं डिझाइन दाखवणारी स्क्रीन शूट करताना: पट्टे, लाटा आणि प्रतिबिंबं कशी घालवायची

बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत फिरलं की यंत्रमागाचा आवाज कानावर पडतोच. काठ, बुट्टी आणि पदर यांचं डिझाइन पूर्वी ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवून काढायचे. आता तेच चौकोन संगणकावर भरले जातात आणि त्यावरून मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डसाठी कार्ड किंवा फाइल तयार होते. मागावरचा व्हिडिओ करणारा माणूस धागा, धोटा, काठ सगळं छान टिपतो. डिझाइनच्या टेबलापाशी आला की मात्र गाडी अडते. स्क्रीनवरून काळपट पट्टे वर-खाली सरकत राहतात, चौकोनांच्या जाळीवर इंद्रधनुषी लाटा उठतात, आणि मधोमध खिडकीचा पांढरा चौकोन बसलेला असतो. टेबलावरचे काका मागे वळून विचारतात, "हे काय काळं काळं पळायलंय रे?"

हे तिन्ही त्रास वेगवेगळे आहेत. त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. एकावरचा उपाय दुसऱ्यावर करत बसलं की दिवस जातो. डिझाइनची स्क्रीन ही या कामातली सर्वांत अवघड स्क्रीन आहे, कारण तिच्यावर आधीच बारीक चौकोनांची जाळी असते. ती जमली की बातम्यांचा टीव्ही, दुकानाचं बिलिंग, सीएनसी मशीनचं पॅनेल यांचं फारसं काही वाटत नाही.

आधी ठरवा, खरंच शूट करायचंय का

फक्त स्क्रीनवरचं चित्र हवं असेल तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि `OBS Studio` सारख्या मोफत सॉफ्टवेअरने स्क्रीन रेकॉर्ड करा. त्यात पट्टे, लाटा, प्रतिबिंब यातलं काहीच येत नाही. कॅमेरा लागतो तो काकांचा हात, त्यांचा चेहरा आणि स्क्रीन एकाच चौकटीत हवी असते तेव्हा, किंवा मशीनचं पॅनेल असं असतं की त्यात रेकॉर्डिंगची सोयच नाही. शक्य असेल तिथे मी दोन्ही करतो. माणूस दिसतो ते शॉट कॅमेऱ्याने घ्यायचे आणि बुट्टीचा एकेक चौकोन भरतानाचं काम रेकॉर्डिंगमधून घ्यायचं. असं केलं की कॅमेऱ्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

पट्टे कुठून येतात ते शोधा

पहिली ओळख अशी: कॅमेरा किंचित पुढे-मागे केला की नक्षीचा आकार बदलत असेल, तर ती जाळीची लाट, म्हणजे मोआरे. कॅमेरा हलवूनही पट्टा तसाच सरकत राहत असेल, तर तो प्रकाशाच्या लुकलुकण्याचा पट्टा. एवढा फरक कळला तरी अर्धं काम झालं.

लुकलुकणारा प्रकाश दोन ठिकाणांहून येऊ शकतो: खोलीतल्या दिव्यातून किंवा स्क्रीनमागच्या दिव्यातून. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारा जुना चोकवाला ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते दिसत नाही. फोनचा कॅमेरा मात्र चित्र एका दमात घेत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. एक ओळ दिवा उजळलेला असताना टिपली जाते, पुढची मंदावलेला असताना, आणि चित्रभर आडवे पट्टे पडतात.

स्क्रीनचं गणित थोडं वेगळं आहे. एलसीडी मॉनिटर जुन्या टीव्हीसारखा दर फेरीला विझत नाही, चित्र धरून ठेवतो. लुकलुकतो तो त्याच्या पाठीमागचा दिवा, तोही बहुतेक वेळा ब्राइटनेस कमी केल्यावर. बऱ्याच मॉनिटरमध्ये उजेड कमी करायची युक्ती अशी असते की दिवा मंद न करता तो झपाझप चालू-बंद करायचा. ब्राइटनेस जेवढा कमी, तेवढा दिवा जास्त वेळ बंद. म्हणून "स्क्रीन फार उजळ दिसतेय" म्हणून ब्राइटनेस उतरवला की पट्टे दिसू लागतात, आणि शूट करणारा शटरवर खापर फोडत बसतो.

दोष कोणाचा ते तपासायला फार वेळ लागत नाही. फोनमध्ये शटर हाताने लावता येईल असं ॲप घ्या. आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर `Blackmagic Camera` मोफत मिळतं, काही फोनच्या मूळ कॅमेऱ्यातच प्रो व्हिडिओ असतो. शटर मुद्दाम खूप वेगवान, 1/2000 च्या आसपास ठेवा. खोलीतला दिवा लावून पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरा. पट्टे आले तर दिवा लुकलुकतोय. मग दिवा बंद करून स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि तिच्याकडे धरा. पट्टे आले तर मॉनिटरचा दिवा लुकलुकतोय. आता ब्राइटनेस 100 वर नेऊन बघा, पट्टे नाहीसे झाले तर उपाय तिथेच सापडला. चाचणी आटोपली की शटर परत खाली आणा. 1/2000 फक्त चोर पकडण्यापुरतं आहे.

सगळ्यांना एका तालावर आणा

दिव्याचा ताल सेकंदाला 100. मॉनिटर सेकंदाला बहुधा 60 वेळा चित्र नव्याने काढतो, तो त्याचा ताल. कॅमेरा 25 किंवा 30 फ्रेमचा. खटका इथेच आहे. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये सांगतात की 30 फ्रेम आणि 1/60 शटर लावा, काम झालं. त्यांच्याकडची वीज 60 हर्ट्झची, त्यांचं जुळतं. आपल्या ट्यूबलाइटखाली 1/60 लावलं की स्क्रीन कदाचित नीट येईल, पण मागची भिंत पट्टे मारेल.

सर्वांत नीटस मार्ग म्हणजे मॉनिटरलाच 50 वर आणणं. विंडोजमध्ये `Settings > System > Display > Advanced display` इथे जा आणि रिफ्रेश रेटच्या यादीत 50 हर्ट्झ आहे का बघा. एचडीएमआयने जोडलेल्या बऱ्याच मॉनिटरवर तो असतो. सापडला तर तो निवडा, कॅमेरा 25 फ्रेमवर ठेवा आणि शटर 1/50 करा. आयफोनच्या मूळ ॲपमध्ये 25 फ्रेम दिसत नसतील तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या व्हिडिओ विभागात `Show PAL Formats` चालू करावं लागतं. आता एका फ्रेमच्या काळात स्क्रीनच्या बरोबर दोन फेऱ्या होतात, आणि शटर उघडं असतं त्या वेळात दिव्याची दोन पूर्ण आवर्तनं बसतात. प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो, म्हणून पट्टा पडत नाही.

यादीत 50 नसेल पण 75 असेल, तरी वाट आहे. 25 फ्रेम ठेवा आणि शटर 1/25. त्यात स्क्रीनच्या तीन फेऱ्या पूर्ण बसतात आणि दिव्याची चार आवर्तनं. उणीव एवढीच की झरझर हलणारा हात जरा पुसट येतो. डिझाइनच्या कामात हात सावकाशच चालतो, त्यामुळे ते चालून जातं.

फक्त 60 च असेल तर दोन पर्याय उरतात. एक म्हणजे ब्राइटनेस 100 वर ठेवून, मॉनिटरचा दिवा लुकलुकत नाही याची वरच्या चाचणीने खात्री करून, 25 फ्रेम आणि 1/50 वरच शूट करायचं. पट्टे येणार नाहीत. स्क्रीनवरचा बाण मात्र हलताना किंचित अडखळल्यासारखा दिसेल, कारण 60 फेऱ्या 25 फ्रेममध्ये समान वाटल्या जात नाहीत. दुसरा पर्याय म्हणजे खोलीतले लुकलुकणारे दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात 30 फ्रेम आणि 1/60 वर शूट करणं. हलता मजकूर दाखवायचा असेल तर दुसरा बरा. मोठ्या कॅमेऱ्यात 30 म्हणजे बहुधा 29.97 असतं, त्यामुळे लुकलुकणाऱ्या स्क्रीनवर एक फिकट पट्टा अगदी संथ सरकताना दिसू शकतो. यादीत 59.94 हर्ट्झ असेल तर तो निवडावा, सरकणं थांबतं.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही एकदा डोकवा. गेमसाठी म्हणून "मोशन ब्लर कमी करा" असा पर्याय असतो. तो चालू असला की पाठीमागचा दिवा मुद्दाम चालू-बंद केला जातो. तो बंद करा. उजेडानुसार आपोआप बदलणारा ब्राइटनेस आणि विंडोजचा `Night light` हेही बंद. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच शूट करा, बॅटरीवर गेला की तो स्वतःच ब्राइटनेस उतरवतो.

घरातला टीव्हीही असाच हाताळायचा. सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये 1080 ला 50 हर्ट्झ निवडता येत असेल तर ते निवडून 25 फ्रेम आणि 1/50 ठेवा. जुना फुगीर काचेचा टीव्ही अजून कुणाकडे चालू असेल, तर त्यालाही हेच आकडे. त्याची स्क्रीन खरोखरच ओळीओळीने पेटत आणि विझत जाते, त्यामुळे एखादी बारीक रेघ उरते. ती पूर्ण घालवायला शटर दशांशात बदलता येणारा कॅमेरा लागतो. फोनकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

लाटा: इथे घाई करू नका

मोआरे समजायला बारीक जाळीच्या दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून बघा. दोन्ही जाळ्या नीट असतात, पण मधे मोठमोठ्या लाटा उमटतात. इथे एक जाळी स्क्रीनच्या ठिपक्यांची आणि दुसरी कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या ठिपक्यांची. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर दोन ठिपक्यांमधलं अंतर 0.28 मिलिमीटरच्या जवळपास असतं. ही जाळी काचेत बसवलेली आहे. विंडोजमध्ये रिझोल्यूशन कमी केलं म्हणून ती जात नाही.

लाट किती येईल ते एका प्रश्नावर ठरतं: स्क्रीनच्या एका ठिपक्याला कॅमेऱ्याचे किती ठिपके मिळतायत? 4के व्हिडिओची रुंदी 3840 ठिपके. त्यात 1920 ठिपक्यांची पूर्ण स्क्रीन काठोकाठ भरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन. कागदावर हे पुरेसं वाटतं, पण सेन्सरवर लाल आणि निळा रंग टिपणारे ठिपके एकाआड एक असतात. म्हणजे त्या रंगांच्या वाट्याला एकच. म्हणूनच लाटा नुसत्या काळ्या-पांढऱ्या न येता गुलाबी-हिरव्या येतात. फुल एचडीमध्ये शूट केलं तर दुखणं आणखी वाढतं.

यातून बाहेर पडायला एकतर खूप जवळ जायचं, नाहीतर जाळी कॅमेऱ्याला दिसूच द्यायची नाही.

जवळ जाणं कसं, ते काकांच्या टेबलावरच बघू. बुट्टी भरतानाचा जवळचा शॉट हवा आहे. स्क्रीनची एक तृतीयांश रुंदी, म्हणजे 640 ठिपके, फ्रेममध्ये भरा. 4के मध्ये प्रत्येकाला सहा ठिपके मिळतील. इथे लाट सहसा मरते. आता डिझाइनच्या चौकोनांचं बघा. सॉफ्टवेअरमध्ये झूम कमी असेल तर एक चौकोन तीन-चार ठिपक्यांचा असतो, आणि ती जाळी स्वतःच लाट उठवते. काकांना सांगून झूम इतका वाढवा की एक चौकोन साधारण 16 ठिपक्यांचा होईल. मग फ्रेममध्ये आडवे 40 आणि उभे बावीसेक चौकोन येतात, बुट्टीची एक पाकळी दिसायला तेवढे पुरतात. चौकोनांमधल्या रेषांचा रंग सॉफ्टवेअरमध्ये बदलता येत असेल तर काळ्याऐवजी फिकट राखाडी करा.

एवढी चौकट साधारण अठरा सेंटिमीटर रुंद भरते. फोनच्या मुख्य लेन्सने ती भरायची तर फोन वीतभर अंतरापेक्षाही जवळ न्यावा लागतो, त्याची सावली पडते आणि काकांच्या हाताला जागा राहत नाही. तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर फूटभर अंतरावरून तीच चौकट मिळते. पण इथे फोन एक लबाडी करतो. वस्तू फार जवळ असली की तो न सांगता मुख्य लेन्सवर परत जातो आणि चित्र कापून मोठं करून दाखवतो. कापलेल्या चित्रात वाढवलेली खोटी धार असते आणि लाटा परत येतात. तपासायचं तर झूमच्या लेन्सवर बोट ठेवा. फ्रेम काळी झाली नाही, तर तुम्ही त्या लेन्समधून बघतच नाही आहात. मग फोन थोडा मागे घ्या, किंवा ॲपमध्ये लेन्स पक्की निवडा.

दुसरा शॉट खांद्यावरून: काकांचा खांदा, माउसवरचा हात आणि पलीकडे स्क्रीन. यात स्क्रीन फ्रेमच्या निम्म्या रुंदीची येते, म्हणजे ठिपक्याला ठिपका. लाटेसाठी याहून वाईट जागा नाही. इथे जवळ जाता येत नाही, म्हणून जाळी पुसट करायची. बदलत्या लेन्सचा कॅमेरा असेल तर ॲपर्चर मोठं उघडा आणि फोकस काकांच्या हातावर किंवा खांद्यावर ठेवा. स्क्रीन किंचित मऊ होते, ठिपक्यांची जाळी विरते, बुट्टीचा आकार मात्र ओळखू येतो. बघणाऱ्याला ते खटकत नाही, कारण अशा शॉटमध्ये नजर हातावरच असते. स्क्रीनच मुख्य असेल तर आधी तिच्यावर नेमका फोकस लावा आणि मग रिंग अगदी थोडी आपल्याकडे फिरवा, लाट जाईपर्यंत. त्यापुढे नको.

फोनचं सेन्सर छोटं, त्यामुळे त्याला चित्र असं मऊ करणं सहजी जमत नाही. तिथे इतर गोष्टी कराव्या लागतात. ॲपमध्ये शार्पनेस शून्यावर आणा. फोन तीन-चार अंश तिरपा करून बघा, लाटांची रुंदी बदलते आणि कधी कधी त्या इतक्या बारीक होतात की दिसत नाहीत. चौकट थोडी तिरकी आली तर पुढे एडिटिंगमध्ये सरळ करता येते, पण फार कापावं लागेल इतकी नको. चित्र जरा मऊ करणारा, लेन्सवर लावायचा हलका मिस्ट फिल्टर मिळाला तर तोही चांगला उपयोगी पडतो. आणि स्क्रीनवर मोठे पांढरे भाग ठेवू नका. लाट सपाट, उजळ रंगावर सर्वांत ठळक दिसते. सॉफ्टवेअरची गडद थीम निवडली की निम्मा त्रास आपोआप कमी होतो.

मागाच्या घरात आणखी एक गोष्ट असते जी स्टुडिओत नसते. शेजारी माग चालू असला की फरशी थरथरते, ट्रायपॉड थरथरतो, आणि एरवी दिसली नसती इतकी हलकी लाट स्क्रीनवर वळवळायला लागते. स्थिर लाट एकवेळ नजरेआड होते, वळवळणारी नाही. ट्रायपॉडच्या पायांखाली जाड गोणपाट किंवा रबराचे तुकडे ठेवा, मधला दांडा वर काढू नका. जमलं तर तो शॉट दुपारी माग बंद असताना घ्या. मागाचा आवाज नंतर जोडता येतो.

लाट खरी की खोटी हेही तपासा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर चित्र लहान करून दाखवलेलं असतं, आणि त्या लहान करण्यातच लाट तयार होऊ शकते. थोडंसं रेकॉर्ड करा, थांबवा, आणि पूर्ण मोठं करून बघा. मोठं केल्यावर नाहीशी झाली तर ती फाइलमध्ये नाही. उलटही होतं: प्रिव्ह्यूत काही दिसत नाही आणि घरी संगणकावर बघितलं तर गुलाबी पट्टे. फाइलमध्ये बसलेली लाट नंतर काढता येते असं सांगणारे प्लगइन आहेत. ते रंग थोडा उतरवतात, पण त्या जागी जे बारीक काम होतं ते परत आणू शकत नाहीत.

प्रतिबिंबं: स्क्रीन बंद करून बघा

"स्क्रीन बंद कशाला? चित्र काढायचं की न्हाई?" असं काका म्हणतीलच. पण बंद, काळी स्क्रीन म्हणजे आरसा. कॅमेरा जागेवर लावून झाला की मॉनिटर बंद करा आणि लेन्सच्या उंचीला डोळा नेऊन बघा. खिडकी, ट्यूब, कॅलेंडरचा चकचकीत कागद, तुमचा पांढरा शर्ट, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा, जे जे दिसेल ते सगळं चालू स्क्रीनच्या गडद भागातही येणार आहे. गडद थीम लाटेवर उपाय असली तरी प्रतिबिंबाला ती आमंत्रणच देते, म्हणून ही पायरी चुकवता येत नाही.

मग एकेक गोष्ट उचला. खिडकी स्क्रीनच्या समोर असेल तर टेबल फिरवून ती बाजूला आणा. टेबल हलत नसेल तर कॅमेरा आणि मॉनिटर यांच्यातला कोन थोडा बदला. आरशाचा नियम साधा आहे: उजव्या बाजूने बघितलं की डाव्या बाजूचं दिसतं. त्या डाव्या बाजूला भिंत काळोखी असली की झालं. नाही तर तिथे काळं कापड टांगा. चकाकणारं सॅटिन नको, साधं सुती काळं. खांद्यावरून शॉट असेल तर कापड कॅमेऱ्याच्या मागे, आणि तुम्ही स्वतः गडद कपड्यात. अगदी समोरून शॉट हवा असेल तर कापडाला भोक पाडून लेन्स त्यातून बाहेर काढायची.

ट्यूब स्क्रीनवर दिसत असेल पण खोलीला उजेड हवा असेल, तर ट्यूब बंद करून एक न लुकलुकणारा एलईडी पॅनेल काकांच्या बाजूने, जवळजवळ स्क्रीनच्या रेषेत लावा. त्या कोनातून आलेला उजेड स्क्रीनवरून परावर्तित होऊन कॅमेऱ्याकडे येत नाही, पलीकडे निघून जातो. हात आणि चेहरा मात्र उजळतात.

पोलरायझर फिल्टरबद्दल खूप ऐकायला मिळतं. तिरक्या कोनातून, काचेच्या चकचकीत स्क्रीनवर तो खरंच उपयोगी पडतो. अगदी समोरून त्याचा काही फायदा नाही. शिवाय एलसीडीतून येणारा उजेड मुळातच एका दिशेने गाळलेला असतो, त्यामुळे फिल्टर फिरवताना एका ठिकाणी सगळी स्क्रीन काळी किंवा विचित्र रंगाची होऊ शकते. फिरवत फिरवत प्रतिबिंब कमी आणि स्क्रीन उजळ अशी जागा सापडली तर ठीक, नाही तर काढून ठेवा. काळं कापड त्यापेक्षा भरवशाचं.

उजेडाचा मेळ

शटर आता ठरलेलं आहे, ते हलवायचं नाही. उजेड कमी-जास्त करायला आयएसओ आणि ॲपर्चर वापरा. बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलत नाही, त्यामुळे तिथे फक्त आयएसओ. तो सर्वांत खाली आणूनही स्क्रीन पांढरी फटक येत असेल, तर लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवायचा मोह होईल, पण पट्टे तिथूनच येतात हे आपण बघितलं. त्यापेक्षा खोलीतला उजेड वाढवून दोघांना जवळ आणा. काकांचा चेहरा आणि स्क्रीनचा पांढरा भाग, दोन्हींत तपशील दिसायला हवा. हवा तसा मेळ बसला की एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, नाही तर काकांनी नवी फाइल उघडताच सगळं चित्र उजळेल किंवा मंदावेल.

रंगाचं म्हणाल तर स्क्रीनचा पांढरा निळसर असतो, साधारण 6500 केल्विन. पिवळा बल्ब लावला असेल तर एकतर चेहरा पिवळा पडतो किंवा स्क्रीन निळी. थंड पांढरा दिवा वापरा आणि व्हाइट बॅलन्स हाताने 6000 च्या आसपास ठेवा. साडीच्या व्हिडिओत हे महत्त्वाचं, कारण बघणारा स्क्रीनवरची बुट्टी आणि मागावरची बुट्टी यांचा रंग मनात ताडून बघतोच.

वीज गेली तर

पावसाळ्यात खानापूरकडे काय किंवा निपाणीत काय, मधेच वीज जाते आणि इन्व्हर्टर सुरू होतो. शूट तसंच चालू ठेवायचं असेल तर आधी थांबून भिंतीची चाचणी परत करा. साध्या इन्व्हर्टरचा ताल नेमका 50 असेलच असं नाही. थोडा जरी सरकला तरी आतापर्यंत गायब असलेले पट्टे हळूहळू सरकू लागतात. शटर दशांशात बदलता येत असेल तर 1/50 च्या आसपास फिरवत पट्टे थांबेपर्यंत बघा. तसं नसेल तर इन्व्हर्टरवरचे दिवे बंद करून बॅटरीवरच्या एलईडी पॅनेलवर जा. मॉनिटरला मात्र तेवढी अडचण येत नाही. त्याच्या रिफ्रेशचा ताल संगणकाचं ग्राफिक्स ठरवतं, भिंतीतली वीज नाही, त्यामुळे 50 वर लावलेली स्क्रीन इन्व्हर्टरवरही 50 वरच राहते.